नव्वद दिवस, तीन रिटर्न: कोल्हापुरातल्या एका नव्या फ्रीलान्सरचे पहिले तीन ग्राहक

सीएच्या ऑफिसात नऊ वर्षं काम केलेली एक बाई. टॅली तोंडपाठ, जीएसटीची रिटर्न शेकड्यांनी तयार केलेली. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे दहा ते सातची नोकरी जमेना, म्हणून जुलैअखेर राजीनामा दिला आणि स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. हाताशी लॅपटॉप, तीन महिने घर चालेल एवढी शिल्लक आणि एक इच्छा: ऑक्टोबर संपेपर्यंत पैसे देणारे तीन ग्राहक हवेत. मी याच क्षेत्रातला असल्यामुळे तिचा आराखडा करताना आणि नंतरही आमचं बोलणं होत राहिलं. तिचं नाव इथे देत नाही. काम कसं उभं राहिलं ते मात्र तपशिलात सांगतो, कारण त्यातला क्रम दुसऱ्या कुणालाही वापरता येण्यासारखा आहे.

तिचा पहिला आराखडा असा होता: पहिला महिना वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड आणि लोगो, दुसरा महिना जाहिरात, तिसरा महिना ग्राहक. हा क्रम मी सगळ्यात आधी मोडायला सांगितला. त्यात पहिले साठ दिवस समोरच्या माणसाशी एकदाही बोलायची वेळ येत नाही, आणि आपण विकतोय ते कुणाला हवंय का हे शिल्लक संपत आल्यावर कळतं. तिच्या क्षेत्रात तर वेळापत्रक आयतंच मिळतं. जीएसटीचं चक्र दर महिन्याला फिरतं, म्हणजे नव्वद दिवसांत तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत विचारायचं, काम करायचं, बिल द्यायचं आणि चुकलं ते पुढच्या फेरीत सुधारायचं, असं आम्ही ठरवलं.

काय विकायचं

तिने तयार केलेला पहिला मेसेज असा होता: "नमस्कार सर, मी अकाउंटिंग, जीएसटी, टीडीएस, पगारपत्रक अशी सर्व कामे योग्य दरात करून देते. काही काम असल्यास कळवावे."

यात खोटं काहीच नाही, पण वाचणाऱ्याने करायचं काय? कारखानदाराकडे सीए असतोच. "सर्व कामे" म्हटलं की त्याला वाटतं, ही आपला सीए बदलायला सांगतेय, आणि सीए बदलणं ही कुठल्याही छोट्या मालकासाठी डोकेदुखी. तो मेसेज वाचतो, मनात "बरं" म्हणतो आणि विसरतो. म्हणून सगळ्या कामांतून एकच निवडायचं ठरलं: सीए ज्यासाठी स्वतंत्र वेळ देत नाही, पार्टटाइम अकाउंटंट जे अर्धवट सोडतो आणि ज्यात मालकाचे रोख पैसे अडकतात असं काम. ते काम म्हणजे टू-बी जुळवणी.

ज्यांचा जीएसटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारखानदार माल घेताना जो जीएसटी भरतो त्याची वजावट त्याला स्वतःच्या करातून मिळते. पण नुसतं बिल हातात असून चालत नाही. विकणाऱ्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवावं लागतं. मासिक रिटर्नवाल्यांसाठी त्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. त्यावरून १४ तारखेला खरेदीदाराच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होतं. त्यात जे बिल नाही त्याची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही, आणि २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरताना तेवढी रक्कम खिशातून जाते. टॅलीतली खरेदी आणि टू-बीतली खरेदी समोरासमोर ठेवून कुठलं बिल का दिसत नाही हे शोधायचं आणि संबंधित सप्लायरकडून ते दुरुस्त करून घ्यायचं, एवढीच तिची सेवा.

टॅलीमध्ये ही जुळवणी करायची सोय आहे आणि बाजारात त्याची सॉफ्टवेअरंही आहेत, मग तिला पैसे कोण देणार, हा प्रश्न तिनेच विचारला. उत्तर असं की सॉफ्टवेअर न जुळलेल्या बिलांची यादी देतं. त्या यादीतलं कुठलं बिल आपोआप येणार आहे आणि कुठल्यासाठी फोन करावा लागणार हे कुणीतरी बघावं लागतं, आणि तो फोन कुणीतरी करावा लागतो. छोट्या वर्कशॉपमध्ये तो "कुणीतरी" नसतो.

ग्राहक कोण, हेही तितक्याच नेमकेपणाने ठरवलं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला खरेदीची वजावट मिळतच नाही, त्यामुळे तो यादीतून बाद. मोठ्या फाउंड्रीत पूर्णवेळ अकाउंट विभाग असतो, तोही बाद. मधले उरले ते म्हणजे उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतली सीएनसी मशीनची छोटी वर्कशॉप: महिन्याला साठ ते दोनशे खरेदी बिलं, इन्सर्ट म्हणजे कटिंग टूलची बदलायची पाती, कटिंग ऑइल, स्पेअर, कुरिअर असा बारीकसारीक माल, मालक स्वतः सही करणारा आणि अकाउंटंट आठवड्यातून एखाद्या दिवशी येणारा.

यादी आणि जुन्या साहेबांशी बोलणं

१ ऑगस्टपासून पहिले चार-पाच दिवस वहीत फक्त नावं लिहिण्यात गेली. चाळीस झाली. त्यात अनोळखी माणूस जवळपास नव्हता. नात्यातले आणि शेजारपाजारचे वर्कशॉपवाले, इन्सर्ट आणि ऑइल विकणारे डीलर, आणि पूर्वी बरोबर काम केलेले पण आता दुसऱ्या सीएंकडे असलेले सहकारी. पहिल्या तीन ग्राहकांसाठी अनोळखी बाजारात जायची गरज सहसा पडत नाही. आपले पैशाचे कागद कुणाच्या हातात द्यायचे हे माणूस ओळखीवर ठरवतो, कार्डावर नाही.

एक गट मात्र तिने यादीतून पूर्ण वगळला: जुन्या ऑफिसचे पक्षकार. त्यातले दोघे "ताई, तुम्हीच करा की आमचं" असं स्वतःहून म्हणाले होते, त्यामुळे मोह होता. तिने जुन्या साहेबांना भेटून सरळ सांगितलं, "सर, मी टू-बी जुळवणीचं काम सुरू करतेय. आपल्या एकाही पक्षकाराकडे जाणार नाही. कुणी विचारलं तर तुमच्याकडेच पाठवेन." मला हे पाऊल सगळ्या नव्वद दिवसांतलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. नीतीचा भाग आहेच, पण कोल्हापूरसारख्या गावात सीए लोक एकमेकांना ओळखतात, आणि "ऑफिसचे क्लायंट फोडून गेली" हे एक वाक्य तिच्या सगळ्या दारांपर्यंत तिच्या आधी पोचलं असतं.

पहिली फेरी: ऑगस्ट

मेसेज कधी पाठवायचा, यावर आमचा थोडा वाद झाला. तिला ६ तारखेलाच सुरुवात करायची होती. पण मालकाला टू-बी आठवते ती १४ ते २० या दिवसांत, सीएचा "एवढे भरा" असा फोन येतो तेव्हा. ६ तारखेला तोच माणूस पगार आणि हप्त्यांत असतो. म्हणून १२ आणि १३ ऑगस्टला, यादीतल्या वर्कशॉपवाल्या चौदा जणांना, प्रत्येकाला वेगळा मेसेज गेला. मजकूर साधारण असा:

"दादा नमस्कार. १४ तारखेला जुलैची टू-बी येतेय. तुमच्या खरेदीची कुठली बिलं त्यात दिसत नाहीत आणि का, याची एक पानाची यादी मी १८ तारखेपर्यंत करून देते. ज्या सप्लायरला फोन करायचा त्यालाही मीच करते. एका महिन्याच्या कामाचे २,००० रुपये. पोर्टलचा पासवर्ड लागत नाही, आणि रिटर्न तुमचे सीएच भरतील. उद्या दहा मिनिटं येऊन दाखवू का?"

यातलं पासवर्डचं वाक्य महत्त्वाचं ठरलं. टू-बीची एक्सेल फाइल मालक किंवा त्याचा सीए स्वतः डाउनलोड करून पाठवू शकतो आणि खरेदीचं रजिस्टर टॅलीतून एक्सपोर्ट होतं. या दोन फाइलींवर काम भागतं. पासवर्ड न मागणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणं सोपं जातं, आणि उद्या पोर्टलवर काही गडबड झाली तर बोट तिच्याकडे जात नाही. "रिटर्न तुमचे सीएच भरतील" या वाक्याने सीएला धोका नाही हेही सांगून झालं.

दरावरही बोलणं झालं. ती पहिल्या महिन्याचं काम फुकट करायला तयार होती. फुकट कामातून समोरच्याला गरज आहे का हेच कळत नाही. फुकट मिळालं तर कुणीही फाइल पाठवतो. दुसरा पर्याय तिला कुणीतरी सुचवला होता: सापडलेल्या वजावटीच्या दहा टक्के. हा तर मी ठाम नाकारायला सांगितला. टक्केवारी आली की जास्त वजावट दाखवण्यात जुळवणाऱ्याचा फायदा होतो, आणि चुकीची वजावट घेतली तर व्याजासकट भरणारा मालक असतो. शिवाय सगळं नीट जुळलं तरी काम झालेलंच असतं. म्हणून ठरलेली छोटी रक्कम, कामाची.

चौदापैकी सहा जणांची उत्तरं आली, तिघांनी भेटायला बोलावलं आणि एकाने काम दिलं. उद्यमनगरातलं सीएनसी वर्कशॉप, तिच्या चुलत दिरांच्या ओळखीचं. मालकाचं पहिलं वाक्य होतं, "ताई, हे आमचा अकाउंटंट करतोय की." तिने वाद घातला नाही. म्हणाली, "करत असतील तर उत्तमच, दादा. मग गेल्या महिन्यात न दिसलेल्या बिलांची यादी त्यांच्याकडे असेल. ती एकदा मागवून बघा, मी थांबते." फोन झाला. यादी नव्हती. दोन्ही फाइली त्याच संध्याकाळी आल्या.

आता त्या फाइलींत काय निघालं ते बघू, कारण पुढची सगळी विक्री याच एका पानावर उभी राहिली. टॅलीत असलेली पण टू-बीत न सापडणारी बिलं एकूण २७,००० रुपयांच्या कराची होती. मालकाने हा आकडा ऐकला असता तर घाबरला असता, म्हणून तिने आकडा न सांगता आधी कारणं लावली.

त्यातली १०,८०० ची बिलं प्रत्यक्षात टू-बीत होती, फक्त क्रमांक वेगळा लिहिलेला. टॅलीत "A/0123" आणि पोर्टलवर "A-123". संगणक हे दोन वेगळे समजतो. सप्लायरचा जीएसटी क्रमांक आणि कराची रक्कम यावरून पुन्हा जुळवलं की ती सापडतात. ६,३०० ची बिलं अशा सप्लायरांची होती, जे तिमाही रिटर्न भरतात. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती मुभा आहे, आणि त्यांनी मधल्या महिन्यांत आयएफएफ या सोयीतून बिलं चढवली नाहीत तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. जुलैची बिलं ऑक्टोबरच्या १४ तारखेला येणार. पैसे अडकले पण बुडाले नाहीत. ४,५०० चं एक बिल अशा सप्लायरचं, ज्याने जुलैचा आर-वन, म्हणजे जीएसटीआर-१, भरलाच नव्हता. पोर्टलवर "Search Taxpayer" मध्ये जीएसटी क्रमांक टाकला की कुणाचंही रिटर्न भरलंय की नाही ते दिसतं; त्यासाठी लॉगिन लागत नाही.

उरलेले ५,४०० हे या प्रकरणातलं सगळ्यात रंजक बिल. डीलर म्हणत होता, मी आर-वन भरलाय, आणि पोर्टलवरही भरल्याचं दिसत होतं. तिने डीलरला विचारलं, "बिल कुठल्या नंबरवर चढवलंय तेवढं वाचून दाखवता?" नंबर निघाला याच मालकाच्या भावाच्या वर्कशॉपचा. दोन्ही फर्मची नावं जवळपास सारखी, आणि डीलरच्या मुलाने बिल करताना यादीतलं चुकीचं नाव निवडलं होतं. जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तर पोर्टल सहसा क्रमांक स्वीकारतच नाही. म्हणूनच "चुकीचा नंबर" निघतो तेव्हा तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा खरा नंबर असतो. हे माहीत असलं की शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

उलट बाजूही तिने बघितली. टू-बीत होती पण टॅलीत नव्हती अशी ३,६०० च्या कराची बिलं निघाली: मशीन दुरुस्तीचं एक बिल जे मालकाच्या गाडीत राहिलं होतं, आणि बँकेच्या चार्जेसवरचा जीएसटी, जो बहुतेक छोट्या ठिकाणी कुणी नोंदवत नाही. ती माल-सेवा खरंच आपली आहे ना, हे मालकाला विचारून मगच तिने ती यादीत धरली. वजावट घ्यायची की नाही हा निर्णय सीएचा, असं पानावर लिहूनही दिलं.

१८ ऑगस्टला तिने एक पान दिलं. त्यावर "आता काही करायची गरज नाही", "ऑक्टोबरात येईल", "फोन केला, उत्तर असं आलं" आणि "नोंदवायची राहिलेली" असे गट होते. २,००० रुपये यूपीआयने आले. महिनाभराचा हा पहिला पैसा.

"बघूया की पुढच्या महिन्यात"

दरमहा ४,००० रुपयांत खरेदीच्या नोंदी तपासणं आणि जुळवणी असा प्रस्ताव तिने २२ तारखेला ठेवला. मालक म्हणाला, "काम चांगलं झालंय ताई. बघूया की पुढच्या महिन्यात." नव्या माणसाला हे नकारासारखं वाटतं. तो नकार नव्हता. २० तारीख उलटून गेली होती, दुखणं थांबलं होतं आणि मालकाचं लक्ष डिस्पॅचकडे गेलं होतं.

इथे पाठपुरावा कसा करायचा हा प्रश्न होता. "सर, काही विचार केलात का?" हा मेसेज समोरच्यावर ओझं टाकतो, त्याला निर्णय द्यावा लागतो आणि मिळत काहीच नाही. तिने मधल्या गणपतीच्या दिवसांत कुणालाच मेसेज केला नाही. कोल्हापुरात त्या काळात कामाचं बोलणं काढण्यात अर्थ नसतो. मग १२ सप्टेंबरला त्या मालकाला लिहिलं: "दादा, गेल्या वेळच्या दोन सप्लायरांपैकी ४,५०० वाल्याने आर-वन भरलाय, परवाच्या टू-बीत यायला हवं. डीलरने भावांच्या नावावरचं बिल ऑगस्टच्या आर-वनमध्ये दुरुस्त केलंय असं सांगितलं. १४ ला फाइल आली की दोन्ही बघून घ्या." अर्ध्या तासात फोन आला: "ताई, तुम्हीच बघा. दर महिन्याचं ठरवून टाकू."

माझ्या मते या प्रकरणातून उचलण्यासारखी गोष्ट असेल तर ती ही. पाठपुराव्यात त्याच्याच धंद्याची एखादी बातमी असावी, आणि ती बातमी देता यावी म्हणून पहिल्या कामात काही गोष्टी पुढच्या तारखेवर पडलेल्या असाव्यात. जुळवणीत त्या आपोआप पडतात. दुसऱ्या धंद्यात काय पडतं हे ज्याने त्याने शोधावं.

दुसरा ग्राहक यादीत होता, पण दुसऱ्याच कारणासाठी

इन्सर्टच्या डीलरचं नाव तिने ओळखी मिळतील म्हणून लिहिलं होतं. पण चुकीच्या नंबरच्या बिलाबद्दल फोन झाल्यानंतर तोच अस्वस्थ झाला. त्याच्याकडे असे फोन दर महिन्याला येत होते, आणि एका चांगल्या गिऱ्हाइकाने "टू-बीत बिल दिसेपर्यंत पेमेंट नाही" असं सांगून पैसे रोखले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने विचारलं, "मॅडम, आमची बिलं जायच्या आधीच कुणी तपासून दिली तर?"

हे तिच्या सेवेचं उलटं रूप होतं. खरेदीदाराच्या बाजूने १४ नंतर शोधायचं ते विकणाऱ्याच्या बाजूने ११ च्या आधी अडवायचं. ६ ते ९ तारखेत विक्रीचं रजिस्टर घ्यायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आणि जीएसटी क्रमांक मूळ ऑर्डरशी ताडून बघायचा, सारख्या नावांच्या जोड्यांची यादी वेगळी करायची. दर ३,०००. तिच्या दृष्टीने आणखी एक सोय अशी की ज्या दिवसांत तिच्याकडे जुळवणीचं काम नसतं नेमके ते दिवस यात भरून निघाले.

त्याचं पेमेंट मात्र रेंगाळलं. सप्टेंबरचं बिल "पुढच्या वेळी एकदम देतो" वर गेलं. तिच्या नावावर उद्यम नोंदणी होती, ती मोफत होते आणि घरबसल्या होते, आणि तशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. पण पहिल्याच बिलाला कायदा दाखवणं मला पटत नाही. तिने ४ ऑक्टोबरला एवढंच कळवलं, "दादा, ६ तारखेला नवीन रजिस्टर घेते, त्याआधी मागचं बिल तेवढं मोकळं करा." ५ ला पैसे आले. काम दर महिन्याचं असेल तर पुढचं काम सुरू व्हायच्या आधी मागचं मागणं हा सगळ्यात कमी कटू मार्ग आहे.

याच सुमारास एका फॅब्रिकेशनवाल्याने दोन वर्षांची बिलं पिशवीतून आणली आणि सगळ्याचे मिळून ५,००० देतो म्हणाला. आकडा बघून तिला घ्यावंसं वाटलं. पण ज्याला टॅलीतून खरेदी रजिस्टर काढून देता येत नाही त्याचं काम जुळवणीचं नसतं, ते मुळापासून हिशेब लिहिण्याचं असतं, आणि त्यात सप्टेंबरची दुसरी फेरी पूर्ण गेली असती. तिने फक्त चालू महिन्याच्या नोंदी करून देते असं सुचवलं. तो परत आला नाही. बरोबरच झालं.

तिसरा

३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची नेहमीची मुदत. त्याआधीचे वीस दिवस सीएंच्या ऑफिसात दिवस-रात्र एक होते. यादीतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ऑफिसात वर्षभराची खरेदी टू-बीशी जुळवायच्या नऊ फाइली पडून होत्या. त्या ऑफिसच्या सीएंनी तिच्याबद्दल चौकशी केली ती थेट तिच्या जुन्या साहेबांकडे, आणि साहेबांनी निर्धास्त द्या म्हणून सांगितलं.

दर फाइलमागे १,५०० ठरला. घाईच्या कामात घाईनेच कबूल व्हायचा धोका असतो, म्हणून तिने तीन ओळींचा मेल आधी पाठवला: एका फाइलमध्ये तीनशेपर्यंत बिलं, त्यावर असेल तर वेगळा दर, सप्लायरांना फोन करायचं काम यात नाही, पेमेंट ऑक्टोबर अखेरपर्यंत. दोन फाइली तीनशेच्या बऱ्याच वर निघाल्या, पण मेलमुळे ते दोन दिवसांत कळवलं गेलं आणि त्यातली जास्तीची बिलं ऑफिसच्याच मुलांनी केली. १३,५०० रुपये २७ ऑक्टोबरला जमा झाले.

हा ग्राहक पहिल्या दोघांपेक्षा वेगळा आहे हे तिला स्पष्ट असायला हवं होतं, आणि होतं. रक्कम मोठी, पण काम मोसमी आणि तिचं नाव कुठेही नाही. अशा कामावर घर चालवायची सवय लागली तर ऑक्टोबर रिकामा जातो.

तीन महिन्यांत हाती काय आलं

चाचणीचे २,०००, वर्कशॉपचे दोन महिन्यांचे ८,०००, डीलरचे ६,००० आणि सीए ऑफिसचे १३,५००. एकूण २९,५००. यातले दर महिन्याला येणारे फक्त ७,०००. नोकरीतल्या पगाराच्या जवळही हे जात नाही, आणि नव्वद दिवसांत पगार भरून निघेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबून राजीनामा देऊ नये. तिची तीन महिन्यांची शिल्लक होती म्हणूनच ती फॅब्रिकेशनवाल्याला नाही म्हणू शकली.

बिलांबाबत दोन गोष्टी. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिच्या बिलावर नाव, पॅन, कामाचा महिना आणि रक्कम एवढंच. जीएसटी लावायचा नाही. आणि अशा व्यावसायिक शुल्कावर एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर रक्कम गेली तरच टीडीएसचा प्रश्न येतो. ४,००० दरमहा म्हणजे वर्षाचे ४८,०००, त्यामुळे वर्कशॉपच्या मालकाला ती कटकट नाही. दर सांगताना ही गोष्ट तिने त्याला सांगितली होती, आणि त्याला ती आवडली.

प्रत्येक फेरीच्या शेवटी, २१ तारखेनंतर, आम्ही फक्त एक गोष्ट बघत होतो: माणसं कुठे थांबली. मेसेजला उत्तरंच आली नसती तर यादी चुकली किंवा वेळ चुकली असं धरलं असतं. भेटी झाल्या पण कुणी फाइल दिली नसती तर सेवा नीट कळत नाही किंवा ती त्यांना नकोच आहे. चाचणी झाली आणि पुढे काही नाही, असं झालं असतं तर ते एक पान नीट बोलत नव्हतं. ऑगस्टात चौदातले आठ गप्प राहिले, त्यातले पाच नंतर कळलं की तिमाही रिटर्नवाले होते. त्यांना १४ ऑगस्टला दुखत नव्हतंच. त्यांना २२ ऑक्टोबरच्या आधी विचारायला हवं होतं, कारण महाराष्ट्रातल्या तिमाहीवाल्यांची थ्री-बीची मुदत ती असते. ऑक्टोबरच्या फेरीत त्यांना पुन्हा मेसेज गेला आणि दोघांनी चाचणी करून घेतली. त्यांचे पैसे नोव्हेंबरात येतील, म्हणून वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

१४ ऑक्टोबरला सप्टेंबरची टू-बी आली, तेव्हा तिमाही सप्लायरांची ती ६,३०० ची बिलं वर्कशॉपच्या खात्यात दिसली. तिने ऑगस्टच्या पानाचा फोटो आणि नवीन फाइलमधल्या त्या ओळी एकाखाली एक लावून मालकाला पाठवल्या. त्याने ते पुढे दोन शेजारी वर्कशॉपवाल्यांना पाठवलं.

पुढची फेरी ठरली आहे. मागच्या आर्थिक वर्षातली राहिलेली वजावट घ्यायला ३० नोव्हेंबरपर्यंतच मुभा असते, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्याहून कमी. ज्यांनी मार्चपर्यंतची खरेदी कधीच जुळवलेली नाही त्यांच्यासाठी ही शेवटची संधी, आणि यावेळी मेसेजमध्ये तारीख १४ नसून ३० असेल. वहीतली जी नावं अजून विचारायची राहिली आहेत ती तिने यासाठीच बाजूला काढली आहेत. दर वर्षाच्या कामाचा असल्यामुळे वेगळा ठेवला आहे, आणि अर्धी रक्कम फाइल हातात घेतानाच.